एकाच वयाचे फोड

अगं, परवा फोनवर तू घाबऱ्या आवाजात विचारलंस, "ताई, पोराला ताप आहे नि अंगभर फोड आलेत. आजी म्हणते देवी आली, शेजारीण म्हणते कांजण्या. मी वहीत काय लिहू?" त्या दिवशी मी ओपीडीत होते, दोन वाक्यांत उरकलं. आज निवांत बसून सांगते. तू खालापूरच्या वाड्यांवर आशा म्हणून नवी आहेस, आणि होळी झाली की कर्जत-खालापुरात असे फोन वाढतात. कांजण्यांचा जोर थंडी सरताना सुरू होतो तो उन्हाळाभर टिकतो. त्याच सुमारास वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट परतायला लागतात, आणि एका झोपडीत सहा-सात माणसं झोपतात. एकाला आल्या की पंधरा-वीस दिवसांनी घरातल्या बाकीच्यांची पाळी.

आधी आजीचं मनावर घे, पण भिऊ नकोस. आजी ज्या देवीबद्दल बोलते तो रोग आता जगात कुठेच नाही. भारतातला शेवटचा रुग्ण २४ मे १९७५ रोजी आसामातल्या करीमगंजला सापडला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं साऱ्या जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नावसुद्धा रायगड नव्हतं, कुलाबा होतं. आजीच्या दंडावर पाहा, देवी टोचल्याचा वण असेल. तिनं तो रोग खरंच पाहिला असेल, म्हणून तिचं ऐकून घ्यायचं. तिच्या तोंडातून "आमच्या वेळी सगळे एकदम उठायचे" असं काही निघालं, तर ती नेमकी खूण सांगते आहे हे ओळख.

रोग गेला, पण त्याला कांजण्यांपासून वेगळं काढायची जी खूण तेव्हा घरोघर फिरणाऱ्या कामगारांना शिकवली होती, ती आजही तुझ्या कामाची आहे. खूण अशी: अंगाच्या एकाच भागावरचे सगळे फोड एका वयाचे आहेत की वेगवेगळ्या वयाचे?

कांजण्यांत वेगवेगळ्या वयाचे असतात. पोटावर हाताच्या पंज्याएवढी जागा बघ. तिथे एक नुसता लाल डाग दिसेल, शेजारी उंचावलेली पुटकुळी, तिच्याजवळ पाण्यानं भरलेला पातळ फोड, आणि त्याच जागेत एखादा फुटून खपली धरलेला. परसातल्या भेंडीच्या झाडासारखं: एकाच झाडावर फूल, कोवळी भेंडी आणि जून झालेली भेंडी एकाच वेळी. असं का होतं, तर कांजण्यांचा विषाणू रक्तात एकदाच उतरून थांबत नाही. तो लाटा-लाटांनी कातडीपर्यंत पोचतो. पहिल्या लाटेचे फोड सुकायला लागतात तोवर दुसरी लाट नवे डाग उठवते, आणि हे तीन-चार दिवस चालतं. शिवाय प्रत्येक फोड घाईचा असतो. डागाचा फोड व्हायला काही तास पुरतात, आणि दिवसा-दीड दिवसात तो खपलीकडे वळतो.

देवीत विषाणू जणू एका झटक्यात कातडीत उतरायचा. त्यामुळे एका हातावरचे सगळे फोड एकाच दिवशी डाग, एकाच दिवशी पुटकुळ्या, एकाच दिवशी पाण्याचे, मग सगळे पुवाचे. आणि हे सावकाश चालायचं. एका पायरीवरून दुसरीवर जायला एक-दोन दिवस, आणि खपल्या पडून अंग मोकळं व्हायला तीन आठवड्यांच्या आसपास. यातला एक बारकावा लक्षात ठेव. "एका भागावर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. देवीत तोंडावरचे फोड पायावरच्यांपेक्षा एक-दोन दिवस पुढे असायचे. म्हणून गाल आणि पाऊल यांची तुलना केली तर त्यातही वयं वेगळी दिसतात आणि माणूस फसतो. पोट पोटाशी, हात हाताशी, पाय पायाशी. अंगाचे दोन भाग एकमेकांशी ताडायचे नाहीत.

बघायचं कसं ते सांगते, कारण घाईत "बघितलं" आणि "बघितलं" यात फार फरक असतो. दिवसा बघ. संध्याकाळी झोपडीत चाळीस वॅटच्या बल्बखाली सगळंच सारखं दिसतं. पोराला दारात आणून आडव्या उजेडात बसव, म्हणजे उंचावलेली पुटकुळी सावलीनं कळते. आपल्या मुलांची कातडी सावळी, तिच्यावर लाल डाग सहज उठून दिसत नाही, तेव्हा डोळ्यांबरोबर बोटांवरही विसंबायचं. हातमोजा घालून बोट हळूच फिरव. कांजणीचा फोड वरवर असतो, पातळ, दाबला तर मऊ, कपड्याला घासून सहज फुटणारा. देवीचा किंवा तशा जातीचा फोड खोल रुतलेला, टणक, गोल, कडा स्पष्ट, आणि मध्ये बहुधा बेंबीसारखा खळगा. फोडून बघू नकोस, तेवढं मात्र कर. मग एक जागा निवड, म्हणजे पोटाची उजवी बाजू समज, आणि बॉलपेननं तिच्याभोवती हलकं वर्तुळ काढ. आत किती डाग, किती पुटकुळ्या, किती पाण्याचे, किती खपल्या, हे वहीत लिही. दुसऱ्या दिवशी त्याच वर्तुळात परत मोज. कांजण्या असतील तर आकडे हलतात: काल ज्यात पाणी होतं त्यावर खपली, आणि काल मोकळी असलेल्या जागी नवा डाग. एका भेटीत जे ठरत नाही ते दुसऱ्या दिवशीच्या त्या वर्तुळात बहुधा ठरतं.

आता ही खूण कधी मुकी होते तेही समजून घे, नाहीतर तीच तुला फसवेल. पहिल्या दिवशी कांजण्यांतही सगळे डागच असतात, कारण दुसरी लाट यायचीच असते. त्या दिवशी एका वयाचे दिसले म्हणून काही ठरवायचं नाही. सातव्या-आठव्या दिवशी उलटं होतं, सगळ्यांच्या खपल्या झालेल्या असतात, तेव्हाही वयं सारखीच दिसतात. खूण खरी बोलते ती साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत. म्हणून तू पहिला प्रश्न विचार, "पहिला डाग नेमका कधी दिसला?" आणि तारीख वार लावून घे. "चार दिवस झाले" असं तुला तिघी सांगतील आणि तिघींचे चार दिवस वेगळे असतील. "आठवड्याच्या बाजाराच्या आधी की नंतर?" असं विचारलंस की बाई खरं आठवते.

आणखी दोन ठिकाणी ती मुकी होते. शहरात नोकरी करणाऱ्यांची मुलं कांजण्यांची लस घेतलेली असू शकतात. ती लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, त्यामुळे वाडीवर घेतलेलं मूल तुला क्वचितच भेटेल, पण खोपोलीच्या सोसायटीत भेटू शकतं. अशा मुलाला आल्याच तर पन्नासाच्या आत, आणि बऱ्याचदा पाणी न भरलेल्या नुसत्या पुटकुळ्या. आणि जे पोर खाजवून खाजवून रक्त काढतं, त्याच्या फोडांत दुसरे जंतू शिरतात आणि पाण्याचा फोड पुवाचा होतो. मग वय ओळखणं कठीण. अशा वेळी पाठीवरची, हात न पोचणारी जागा बघ, तिथे खरं चित्र टिकलेलं असतं.

आता तू विचारलेल्या मुलाकडे येऊ. तू फोनवर सांगितलंस त्यात थोडी भर घालून मी असं धरते. सात वर्षांचा मुलगा, सोमवारी रात्री कणकण, मंगळवारी अंघोळीला पाटावर बसवताना आईला छातीवर दोन-चार डाग दिसले. तू बुधवारी दुपारी पोचलीस. ताप शंभरच्या आसपास, पोर चिडचिडं पण खेळत होतं. वर्तुळात: दोन डाग, तीन पुटकुळ्या, चार पाण्याचे, एक खपलीकडे झुकलेला. केसांत बोटं घातलीस तर टाळूवरही दोन. तोंडात टाळ्यावर एक पांढुरकी जखम. तळहात, तळपाय स्वच्छ. फोड छाती-पोटावर दाट, हातापायांवर विरळ. हे चित्र कांजण्यांचंच. टाळूवरचे फोड, धडावरची दाटी, मोकळे तळवे आणि मिसळलेली वयं, चारही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात. गुरुवारी वर्तुळात परत गेलीस आणि जुन्या चारांतल्या तिघांवर खपली नि दोन नवे डाग दिसले, की शंका उरत नाही.

आता शेजारचं दीड-दोन वर्षांचं पोर घे. तेही तापलंय, आणि त्याची आई म्हणते, "ह्यालाबी त्याच्याकडून लागल्या." बघितलंस तर तळहातावर, तळपायावर राखाडी, लांबट, बारके फोड, ढुंगणावर पुरळ, तोंडात जखमा, म्हणून दूध पिताना रडतं. पोट-पाठ जवळजवळ मोकळी, टाळू मोकळी. आणि फोड साधारण एका वयाचे. हा हात-पाय-तोंडाचा आजार, इंग्रजी नावानं डॉक्टर हँड फूट माउथ म्हणतात. पावसाळ्यात अंगणवाड्यांमधून तो सहज पसरतो, आणि एका वयाचे फोड दिसले की तुझ्यासमोर दहापैकी नऊ वेळा हाच असेल असं माझं मत आहे, निदान लहान पोरांत. बहुतेक पोरं आठवड्याभरात बरी होतात. काळजी ती एवढीच, की तोंड दुखतं म्हणून पोर पाणी सोडतं. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले तर लगेच दवाखाना.

गोवर तर तू ओळखतेसच. त्यात पाणी भरत नाही, नुसते लाल डाग, बरोबर खोकला, नाक वाहणं आणि लाल डोळे. तो वेगळ्या रकान्यात जातो, त्यावर आज बोलत नाही.

आणि एका वयाच्या फोडांचं ते चित्र जे तू सहज सोडू नयेस. समज, खोपोलीच्या कारखान्यात काम करणारा, नुकताच बाहेरदेशाहून परतलेला तिशीतला माणूस. आधी दोन-तीन दिवस कडक ताप, थंडी, डोकं-पाठ ठणकणं, अंथरुणाला खिळलेला. मग चेहऱ्यावर, हातांवर, तळव्यांवर फोड, खोल, टणक, मध्ये खळगा, आणि एका हातावरचे सगळे सारखे. मानेत गाठी, जांघेत अवधाण. हे मंकीपॉक्सचं, म्हणजे हल्ली ज्याला एमपॉक्स म्हणतात त्याचं जुन्या पुस्तकांतलं चित्र. देवीच्या कुळातलाच तो विषाणू, पण देवीइतका जीवघेणा नाही. देशातला पहिला रुग्ण जुलै २०२२ मध्ये केरळात सापडला, आपल्या राज्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये धुळ्यात. गाठी ही त्याची मोठी खूण आहे, देवीत आणि कांजण्यांत त्या सहसा अशा ठळक नसतात.

पण इथे मी तुला जपून सांगते. २०२२ पासून जे रुग्ण जगभर दिसले त्यांतल्या अनेकांना फोड थोडेच, कित्येकदा गुप्तांगाशी किंवा तोंडाभोवती, आणि त्यांची वयंही मिसळलेली होती. म्हणून "वयं वेगळी, म्हणजे मंकीपॉक्स नाही" असं उलटं गणित करू नकोस. एका वयाचे फोड दिसले तर सावध व्हायचं हे खरं. वेगवेगळे दिसले तर निर्धास्त व्हायचं ते फक्त लहान मुलाच्या, घरात-शाळेत कांजण्या चालू असलेल्या, टाळू-धडावर दाटी असलेल्या चित्रात. मोठ्या माणसात, परदेशाचा किंवा जवळच्या संबंधाचा संदर्भ असेल तर तू ठरवायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. ठरेल ते प्रयोगशाळेत: फोडातल्या पाण्याचा किंवा खपलीचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी तपासतात.

यात चूक किती सहज होते ते एका गोष्टीवरून कळेल. जगातला नैसर्गिकरीत्या देवी झालेला शेवटचा माणूस सोमालियातला, मेर्का गावच्या दवाखान्यातला स्वयंपाकी, अली माओ मालिन. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्याला पुरळ आलं. आधी हिवताप समजले, मग कांजण्या समजून घरी पाठवलं. ज्या गावात देवीचं काम चालू होतं तिथेच हे झालं. नंतर कुणीतरी नीट पाहिलं, खबर दिली, आणि देवीच ठरली. तिथले लोक काही अडाणी नव्हते. देवी तेव्हा संपत आली होती, कांजण्या रोज दिसत होत्या, आणि माणूस रोज दिसणाऱ्याचंच नाव आधी घेतो.

आता त्या सात वर्षांच्या मुलासाठी काय करायचं. ताप आला की पॅरासिटामॉलचं औषध वजनाप्रमाणे, डोस आरोग्य केंद्रातून विचारून घे. अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, कारण कांजण्यांत ती मुलांच्या यकृताला नि मेंदूला धोका करू शकते. आयब्युप्रोफेनही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. पोराची नखं काप, रोज साध्या पाण्यानं अंग हलकं धुवायला सांग. आजी म्हणेल, "देवीत अंघोळ नाही घालायची." तिच्याशी वाद घालू नकोस. "आजी, कडुनिंबाचा पाला पाण्यात टाकूया, त्या पाण्यानं पुसूया" असं म्हण. त्यात तिचं मन राहतं आणि पोराचं अंगही स्वच्छ होतं. शितळामाईपुढे दिवा लावायचा असेल तर लावू दे, त्यानं कोणाचंही वाईट होत नाही. वाईट होतं ते पोर तापात झोपाळतंय आणि घर दवाखान्यात न नेता मानपान करतंय यानं.

घरात गरोदर बाई आहे का, हे पहिल्याच भेटीत विचार. तिला आधी कांजण्या होऊन गेल्या असतील तर बरं, नसतील तर तिला त्या खोलीत झोपू देऊ नकोस आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळव. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला कांजण्या उठल्या तर नवजात बाळाला जबर होऊ शकतात. मोठी माणसं, स्टेरॉइड घेणारी, मधुमेही, कर्करोगावर उपचार चालू असलेली, यांनाही कांजण्या जड जातात. त्यांच्यासाठी अ‍ॅसायक्लोविर नावाचं औषध आहे, ते पहिला फोड दिसल्यापासून चोवीस तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. म्हणून "आज राहू दे, उद्या बघू" हे मोठ्या माणसाच्या बाबतीत म्हणायचं नाही.

पोर फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण देतं, ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सात दिवस. तोवर शाळा, अंगणवाडी, आश्रमशाळा बंद. संपर्कातल्या बाकीच्यांवर एकवीस दिवस लक्ष ठेव. आश्रमशाळेत एक जरी निघाला तरी अधीक्षकांना लगेच सांग, कारण तिथे सगळी पोरं एका खोलीत झोपतात.

ज्या खुणा दिसल्यावर वाट बघायची नाही त्या अशा: पोर गुंगीत, उठवलं तरी नीट बोलत नाही, मान आखडली, चालताना तोल जातो, धाप लागते, फोडांभोवती कातडी लाल-गरम होऊन सुजते, फोडांतून रक्त येतं, किंवा ताप उतरून परत चढतो. अशा वेळी १०८ ला फोन, आणि जवळचं ठिकाण म्हणजे कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर कशेळे किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय, जे रस्त्यानं लवकर गाठता येईल ते. वाडीतून रस्त्यापर्यंत डोलीनं नेण्यात वेळ जातो, तो आधीच हिशोबात धर.

फोनवर वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगताना "पुरळ आलंय" एवढंच सांगू नकोस, त्यांना तुझ्यासमोरचं चित्र दिसलं पाहिजे. "ताप सोमवारी रात्री, पहिला डाग मंगळवारी सकाळी. पोटावरच्या वर्तुळात चारही वयाचे फोड, दुसऱ्या दिवशी त्यातले बदलले आणि नवेही आले. टाळूवर आहेत, तळव्यांवर नाहीत. गाठी नाहीत. घरात एक गरोदर बाई आहे, तिला आधी झाल्या का हे तिला आठवत नाही." इतकं सांगितलंस की ते स्वतःच पुढचं विचारतील. आणि एका वयाचे असतील तर तेच शब्द वापर: "साहेब, एका भागावरचे सगळे फोड एका वयाचे आहेत, खोल आहेत, तळव्यांवरही आहेत, मानेत गाठी आहेत." या वाक्यावर कुठलाही डॉक्टर खुर्चीत सावरून बसतो. मग रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेव, त्याचे कपडे-अंथरूण वेगळे, तू स्वतः मास्क आणि हातमोजे घाल, आणि केंद्रातून कोणी येईपर्यंत त्याच्या जवळ आलेल्यांची नावं लिहायला घे.